‘सहमती’ की ‘जुळणी’? (कॅपाच्या संदर्भात)

मृणाल_अनुवाद: एका अहवालाच्या अनुवादात अडले आहे. दोन परीक्षकांनी एकमेकांचे शेरे न पाहता 100 तक्रारी ‘तातडीची’ आणि ‘साधी’ अशा गटांत विभागल्या आणि वर्गीकरण किती जुळले ते कोहेनच्या कॅपाने मोजले. ‘अॅग्रीमेंट’साठी मी ‘सहमती’ लिहिले, तर संपादकांनी विचारले, ‘ते दोघे भेटलेच नाहीत, मग सहमती कोणी कोणाला दिली?’ जुन्या मसुद्यात ‘चान्स अॅग्रीमेंट’ला ‘संधी-सहमती’ केले आहे, ते मात्र निश्चित चूक.

बोरूबहाद्दर: सह आणि मती; दोन मती बरोबर चालल्या की सहमती झाली. त्यासाठी भेट कशाला हवी? ‘जुळणी’ यंत्राच्या सुट्या भागांची करतात.

सुहास_प: ‘योगायोगाची सहमती’ म्हणा. दोनच गट असल्याने नाणे उडवूनही निम्मे निर्णय जुळतील, तेवढे कॅपा वजा करतो.

आकडेमोड: वजाबाकी खरी, निम्मे मात्र नव्हे. मृणालताई, प्रत्येक खान्यातील आकडे द्याल का?

मृणाल_अनुवाद: दोघांच्या मते साध्या 90, दोघांच्या मते तातडीच्या 2, आणि केवळ एकाच्या मते तातडीच्या प्रत्येकी 4. म्हणजे 92 टक्के जुळूनही कॅपा 0.29 छापला आहे. ही छपाईची चूक असावी का?

आकडेमोड: चूक नाही. प्रत्येकाने 6 तक्रारी तातडीच्या आणि 94 साध्या ठरवल्या. या निवडींचा परस्परांशी काहीही संबंध नसता, तरी 88.36 तक्रारी दोघांकडे साध्या आणि 0.36 तातडीच्या ठरल्या असत्या, म्हणजे 88.72 आपोआप जुळल्या असत्या. त्यावर मिळवायला 11.28 उरतात आणि प्रत्यक्षात मिळाले 3.28, म्हणून 0.29. ही पातळी परीक्षकांच्या स्वतःच्या प्रमाणांतून येत असल्याने मी ‘अपेक्षित जुळणी’ म्हणेन. ‘योगायोग’ म्हटले की सुहासरावांचे नाणे डोळ्यांपुढे येते.

सुहास_प: मान्य. तरी 92 टक्के जुळवणाऱ्यांना 0.29 देणे अन्यायाचे वाटते.

आकडेमोड: ही तक्रार जुनी आहे, फाइनस्टाइन आणि सिचेट्टी यांनी 1990 मध्ये याला विरोधाभासच म्हटले. मात्र निदान एकाने तरी तातडीच्या ठरवलेल्या 10 तक्रारींपैकी दोनच जुळल्या आहेत, आणि तेच 92 या आकड्यामागे दडते. कॅपासोबत चारही खाने छापावेत, एवढेच मी सांगेन.

निवृत्त_परीक्षक: आम्ही दोघे परीक्षक एकाच उत्तरपत्रिकेला नेमके सारखे गुण देत असू आणि फेरतपासणीत दोघेही चुकीचे ठरलो होतो. त्याला काय म्हणाल?

आकडेमोड: ती जुळणीच, अचूकता नव्हे. कॅपाला खरे उत्तर ठाऊक नसते. शिवाय गुणांत एकाचा फरक आणि दहाचा फरक साधा कॅपा सारखाच धरतो. तिथे कोहेन यांनीच 1968 मध्ये मांडलेला भारित कॅपा बरा.

बोरूबहाद्दर: ‘भारित’ म्हटले की मला मंतरलेला गंडा आठवतो. ‘वजनी’ का नको?

मृणाल_अनुवाद: ‘जुळणी’ आणि ‘अपेक्षित जुळणी’ लिहून पाहते. पण अहवालात लँडिस आणि कॉख यांच्या 1977 च्या पट्ट्यांनुसार 0.29 ला ‘फेअर’ म्हटले आहे. तिथे ‘बरी’ लिहू की ‘जेमतेम’?

बोरूबहाद्दर: ‘बरी सहमती’. ‘जुळणी’ मला अजूनही मान्य नाही.