शब्दचर्चा: ‘कै. … यांचे निधन’ आणि दहाव्याची तारीख

शुभदा: आत्याची निधनवार्ता आज संध्याकाळपर्यंत वर्तमानपत्राकडे द्यायची आहे. मसुदा असा: ‘कै. … (वय 81) यांचे मंगळवार, 3 मार्च रोजी वार्धक्याने निधन झाले. त्यांच्या पश्चात दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे. दशक्रिया विधी 13 मार्च रोजी होईल.’ ‘कै.’ बरोबर आहे ना?

विनायक: नाही. आजकाल ‘दिवंगत’ लिहितात, तेच घाला.

अनुराधा: ‘दिवंगत’नेही अडचण सुटत नाही, विनायकराव. ‘कैलासवासी बाईंचे निधन झाले’ म्हणजे गेलेल्या बाई पुन्हा गेल्या. निधनाच्या वाक्यात त्या ‘श्रीमती’च राहू द्या. ‘कै.’ शोभतं ते वर्षश्राद्धाच्या किंवा पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत.

शुभदाताई, ‘दोन मुले’ मात्र बदलाच. वाचणाऱ्याला दोन मुलगे की एक मुलगा, एक मुलगी, हे कळत नाही. ‘सुना’वरून अंदाज येतो, पण मुलगी असेल तर ती वगळल्यासारखी दिसते, आणि असली चूक घरात फार दिवस बोचते.

शुभदा: एक मुलगीही आहे! मग ‘दोन मुलगे, मुलगी, सुना, जावई, नातवंडे’ असं करते.

मंदार: आमच्या आजोबांच्या वेळी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ मोठ्या अक्षरात घेतली होती. तेही घाला.

अनुराधा: ते श्रद्धांजलीच्या चौकटीत चालतं, मंदार. इथे लोकांना कोण गेलं आणि कधी, कुठे यायचं, एवढंच हवं असतं. म्हणूनच तारीख बघा: गेल्याचा दिवस पहिला धरतात. 3 मार्च पहिला, तर दहावा 12 मार्चला, गुरुवारी. 3 मध्ये 10 मिळवले की 13 येतात आणि लोक एक दिवस उशिरा घाटावर पोचतात. ताळा सोपा आहे: दहाव्याचा वार गेल्याच्या वारापासून दोन वार पुढचा. मंगळ, बुध, गुरू. तारखेसोबत वार छापा, एक चुकला तर दुसरा पकडतो. ‘आज’, ‘उद्या’ नको. अंक दुसऱ्या दिवशी हातात पडतो. घाटाचं नाव आणि वेळही राहिली आहे.

संपत: कोल्हापुराकडे तिसऱ्या दिवशीचं रक्षाविसर्जन आधी छापतात. 3 तारखेला गेल्या तर ते 5 ला, म्हणजे मजकूर 4 लाच द्यावा लागतो. बौद्ध घरांतून ‘जलदान विधी व पुण्यानुमोदन’ लिहितात, तिथे ‘दशक्रिया’ नको.

शुभदा: एक राहिलं. त्या रात्री दोन वाजता गेल्या. कॅलेंडरवर मंगळवार लागला होता, पण घरचे म्हणतात सोमवार रात्रच.

विनायक: मग सोमवारच लिहा. वार सूर्योदयाला बदलतो.

अनुराधा: दाखल्यावर 3 मार्च असेल तर बातमीतही तीच तारीख हवी. पण दहावा सोमवारपासून मोजायचा की मंगळवारपासून, हे गुरुजींनाच विचारा. यात घरोघरी फरक असतो. उत्तर येईपर्यंत दहाव्याची ओळ छापायला देऊ नका.