सोयाबीननंतर गव्हाला युरिया निम्मा केला तर चालेल का?

सांवेरवाला: सांवेरला आमचं 4 एकर सोयाबीन उभं आहे, 43 दिवसांचं झालं. भाऊ म्हणतो हे पीक जमिनीत नत्र सोडून जातं तेव्हा यंदा गव्हाला युरिया निम्माच टाकू. करावं का?

महूचे काका: बिनधास्त करा. मुळावरच्या गाठीतले रायझोबियम जीवाणू हवेतला नत्र ओढतात, तो जमिनीतच राहतो ना. आमचे वडील चण्यानंतर पुढच्या पिकाला काहीच टाकत नसत, पीक मस्त यायचं. युरियाची सवय आपणच लावून घेतली आहे.

कृषीवाली ताई: काका, चण्याचं सोयाबीनला लावू नका, इथेच गडबड होते. सोयाबीनच्या दाण्यात 40 टक्के प्रोटीन, म्हणजे एक क्विंटल दाण्याबरोबर साधारण साडेसहा किलो नत्र मंडीत जातो. एकरी 5 क्विंटल धरा, 32 किलो गेले. पूर्ण झाडात, मुळं धरून, 45 किलोच्या आसपास असतो आणि त्यातला 60 टक्के गाठींनी हवेतून आणला असं मानलं तर ते झाले 27. हवेतून आले 27 आणि गेले 32, म्हणजे जमिनीचेच 5 किलो कमी झाले, आणि भुसा गुरांना नेला की अजून जातो. चण्याच्या दाण्यात प्रोटीन सोयाबीनच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून तिथे बऱ्याचदा शिल्लक राहते. तुमच्या वडिलांचं बरोबरच होतं, पण ते चण्याचं.

महूचे काका: मग मक्यानंतरच्या गव्हापेक्षा सोयाबीननंतरचा गहू हिरवागार का दिसतो? डोळ्यांनी बघतोय 20 वर्षं, हिशोब कागदावरचा आहे.

कृषीवाली ताई: दिसतो, ते मान्य. मक्याची धाटं कुजताना जीवाणू जमिनीतलाच नत्र खाऊन बसतात आणि गव्हाला उपाशी ठेवतात, सोयाबीनची गळलेली पानं मात्र लवकर कुजतात आणि देतात. शिवाय सोयाबीन आपली अर्ध्याहून जास्त गरज हवेतून भागवतं म्हणून जमिनीतला कमी उचलतं. म्हणजे मक्यानंतरच्या गव्हापेक्षा कमी युरिया चालेल, पण निम्मा नाही. आणि 60 टक्के हा आकडा गाठी नीट काम करत असतील तेव्हाचा, ते आधी बघून घ्या.

बाल्कनीतली शेतकरीण: माझ्या टोमॅटोच्या मुळांना पण अशाच गाठी आल्यात, विजयनगरला बाल्कनीत कुंड्यांत. म्हणजे माझी माती सुपीक झाली ना?

कृषीवाली ताई: नाही हो, टोमॅटोवर रायझोबियम बसत नाही, त्या बहुतेक सूत्रकृमीच्या गाठी असतील. नखाने उडवून बघा, सोयाबीनची गाठ मण्यासारखी वेगळी निघते, सूत्रकृमीची निघत नाही, मूळच फुगलेलं असतं. ती माती दुसऱ्या कुंडीत टाकू नका.

सांवेरवाला: सकाळी खुरपीने मातीसकट 6 झाडं काढली (उपटली असती तर गाठी मातीतच राहिल्या असत्या म्हणे). बादलीत हळू धुतली. वरच्या शेतातल्या 3 झाडांवर मूगाएवढ्या गाठी, नखाने फोडल्या तर आतून लालगुलाबी, बोटाला रंगच लागला. खालच्या तुकड्यात जुलैमध्ये 5 दिवस पाणी साचलं होतं, तिथे गाठी बारीक आणि आतून पांढऱ्या, दोन-चार हिरवट. पानंही पिवळट.

कृषीवाली ताई: मग उत्तर तुमच्या बादलीतच आहे. लाल म्हणजे चालू, पांढरी म्हणजे काम करत नाहीये, हिरवट म्हणजे संपत आलेली. पाणी साचलं की मातीतली हवा जाते आणि गाठ गुदमरते. खालच्या तुकड्यात युरिया अजिबात कमी करू नका आणि आधी पाण्याचा निचरा करा, आपल्या काळ्या मातीत तो लागतोच. वरच्यात फार तर चौथाई कमी करा, पण एक पट्टा पूर्ण युरियाचा सोडा, पहिल्या पाण्यानंतर शेजारी शेजारी रंग बघा, मग पुढच्या वर्षीचं ठरवा.

देपालपूरचा पोरगा: रायझोबियमच्या कल्चरचं कोणीच कसं बोललं नाही? पाकीट आणा, बियाण्याला लावा, संपलं. आमच्याकडे दरवर्षी लावतो. पण ड्रममध्ये बुरशीनाशक आणि कल्चर एकदमच फिरवतो, वेळ वाचतो भिया.

कृषीवाली ताई: एकदम फिरवलंत तर बुरशीनाशक कल्चरमधले जीवाणू मारतं. बुरशीनाशक आधी, मग कीटकनाशक, कल्चर सगळ्यात शेवटी, सावलीत, आणि लगेच पेरणी. उन्हात पसरून ठेवलंत तरी तेच.

महूचे काका: ज्या शेतात 1970 च्या दशकापासून सोयाबीनच पेरलं जातंय तिथे जीवाणू जमिनीतच आहेत, पाकिटाचा खर्च कशाला? मी 6 वर्षं लावलं नाही, गाठी येतातच.

कृषीवाली ताई: येतात, पण त्यातले सगळेच सारखे कामाचे नसतात, कमी नत्र देणारेही जागा अडवून बसतात. बरेचदा कल्चरचा फरक दिसत नाही हेही खरं, तुमच्या शेतात दिसेल की नाही हे मी इथून सांगू शकत नाही. पुढच्या खरीपात 4 ओळी विनाकल्चर सोडून मोजा ना काका.

महूचे काका: मोजतो. पण चौथाई युरिया मी तरी सगळीकडेच कमी करणार, सांगून ठेवतो.