‘पब्लिश्ड’, ‘ग्रँटेड’, ‘कम्युनिकेटेड’: रेझ्युमेतल्या या शब्दांचे नेमके अर्थ काय?

शाल्मली
मी एका बल्क ड्रग कंपनीच्या एचआरमध्ये आहे, शिक्षण कॉमर्सचं. प्रोसेस आर अँड डीमध्ये सीनिअर केमिस्टची जागा निघाली आहे. जाहिरातीत सेंद्रिय रसायनशास्त्रातली पीएचडी, रूट स्काउटिंग आणि ग्रॅमपासून किलो लॅबपर्यंत स्केल-अपचा अनुभव मागितला आहे. पेटंट आणि शोधनिबंध असल्यास प्राधान्य. आमच्या संचालकांना प्रत्येक अर्जाचं अर्ध्या पानाचं मराठी टिपण लागतं, ते मी करते. एका अर्जात असं आहे: ‘पेटंट्स २ (१ पब्लिश्ड, १ ग्रँटेड). पेपर्स ५ (२ कम्युनिकेटेड). पीएचडी थीसिस सबमिटेड.’ प्रबंधाचं शीर्षक ‘स्टडीज टुवर्ड्स द टोटल सिंथेसिस ऑफ’ आणि पुढे एका नैसर्गिक संयुगाचं नाव. मी लिहिलंय: ‘दोन पेटंटं, एक प्रकाशित व एक मंजूर, पाच शोधनिबंध, पीएचडी.’ चालेल का?

अप्पा देशमुख
पेटंटला ‘एकस्व’ हा चांगला शब्द आहे, शासनाच्या परिभाषाकोशातही आहे. तो वापरायला तुम्हाला काय अडचण आहे?

शाल्मली
अप्पा, शब्द आवडला, पण संचालक मलाच विचारतील की एकस्व म्हणजे काय. मला अर्थ हवाय, प्रतिशब्द नकोय.

नाना केळकर
टिपण ठीक आहे की. शोधनिबंध प्रकाशित होतो म्हणजे तज्ज्ञांनी तो तपासलेला असतो, पेटंटचंही तसंच. आधी प्रकाशित होतं, मग प्रमाणपत्र हातात येतं, म्हणजे काम जवळजवळ झालंच. फक्त उमेदवाराचं नाव कितवं आहे ते बघा. आपल्या पेटंट कायद्यातच ‘ट्रू अँड फर्स्ट इन्व्हेंटर’ असे शब्द आहेत. पहिलं नाव ज्याचं, शोध त्याचा.

मीनाक्षी (निवृत्त)
नाना, क्रम बरोबर सांगितलात, अर्थ मात्र उलटा झाला. शोधनिबंध तपासणीनंतर प्रकाशित होतो, पेटंटचा अर्ज तपासणीच्या आधी. अर्ज दाखल केल्यावर १८ महिने झाले की पेटंट कार्यालय तो आपल्या जर्नलमध्ये छापतं. आत नवं काही आहे की नाही, हे तोवर कुणी पाहिलेलंही नसतं. लवकर छापून हवा असेल तर वेगळा फॉर्म आणि फी भरायची, मग १८ महिने थांबावंही लागत नाही. परीक्षणासाठी तर आणखी वेगळी विनंती करावी लागते. ती मुदतीत केली नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात, पण छापलेला मजकूर जगापुढे राहतो आणि रेझ्युमेवर ‘पब्लिश्ड’ही राहतं. म्हणून शाल्मली, ‘एक पेटंट प्रकाशित’ असं नको. ‘पेटंटचा एक अर्ज दाखल, परीक्षण कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहिलेलं नाही’ असं लिहा.

आणि ‘फर्स्ट इन्व्हेंटर’मधलं ‘फर्स्ट’ हे यादीतलं पहिलं नाव नव्हे. ज्यानं आधी शोध लावला तो, असा त्याचा अर्थ. शोधनिबंधात पहिलं नाव बहुधा ज्यानं हातानं काम केलं त्याचं असतं. पेटंटमध्ये नावांच्या क्रमाला कायद्यानं काहीच वजन नाही. वयानं लावा, आडनावानं लावा.

रोहन_प
नावांचा विषय निघालाच आहे म्हणून. माझ्या आधीच्या कंपनीत एका मध्यवर्ती घटकाचा नवा मार्ग मी शोधला. अर्जात पाच नावं होती, माझं एकही नाही, कारण दाखल करायच्या वेळी मी राजीनामा दिला होता. आता रेझ्युमेत ते पेटंट लिहू का? लिहिलं तर खोटं वाटतं, नाही लिहिलं तर दोन वर्षांचं काम गेलं.

मीनाक्षी (निवृत्त)
पेटंट म्हणून लिहू नका, नाव नसेल तर पहिल्या शोधातच पकडले जाल. कामाखाली लिहा की अमुक प्रकारच्या घटकाचा मार्ग शोधला, इतक्या पायऱ्या कमी केल्या, इतक्या वजनापर्यंत नेला. कंपनीचं गुपित असेल ते लिहायचं नाही, एवढंच सांभाळा. नाव घालून घेण्यासाठी अर्ज करता येतो, पण त्याला मुदत आहे. ते वकिलाला विचारा, मी रसायनवाली.

शाल्मली, दोन्ही पेटंटांचे नंबर रेझ्युमेत आहेत का?

शाल्मली
आहेत. ‘पब्लिश्ड’चा नंबर 202221 ने सुरू होतो. ‘ग्रँटेड’चा सहा आकडी आहे आणि शेवटी -001.

मीनाक्षी (निवृत्त)
मग अर्धं उत्तर नंबरातच आहे. पहिले चार आकडे वर्ष, म्हणजे २०२२. पुढचा 2 म्हणजे मुंबई कार्यालय (1 दिल्ली, 3 कोलकाता, 4 चेन्नई). त्यापुढचा 1 म्हणजे साधा अर्ज. परदेशी कंपन्यांचे पीसीटी या आंतरराष्ट्रीय करारामार्गे आलेले अर्ज असतात, त्यांत तिथे 7 दिसतो. पेटंट कार्यालयाच्या इनपास नावाच्या शोधपानावर हा नंबर टाकलात तर अर्जाची सद्यस्थिती दिसेल.

दुसरा मात्र पेटंट नाहीच. शेवटी -001 असलेला नंबर डिझाइन नोंदणीचा असतो. डिझाइन्स ॲक्ट, २००० खाली वस्तूच्या दिसण्याची, म्हणजे आकाराची किंवा नक्षीची नोंद होते. ती वस्तू काम कशी करते याच्याशी त्या नोंदीचा काहीही संबंध नसतो. अमेरिकेत याला डिझाइन पेटंट म्हणतात, म्हणून आपल्याकडेही लोक बिनधास्त ‘पेटंट ग्रँटेड’ लिहितात. कशाची नोंद आहे?

शाल्मली
‘स्टिरिंग अपॅरेटस’. आठ जणांची नावं आहेत, सगळे वेगवेगळ्या कॉलेजांतले. म्हणजे मुलगा खोटारडा आहे का?

मीनाक्षी (निवृत्त)
लगेच तसं म्हणू नका. कॉलेजांत बढतीच्या गुणांसाठी अशा नोंदी बऱ्याच होतात, आणि गाइडनं नाव घातलं तर विद्यार्थी नाही म्हणत नाही. टिपणात ‘डिझाइन नोंदणी, प्रक्रियेशी संबंध नाही’ असं लिहा आणि पुढे चला. तुमच्या आर अँड डी प्रमुखांनी मुलाखतीत एकच विचारावं: या ढवळणीत तुमचा भाग कोणता?

नाना केळकर
मान्य, पेटंटच्या बाबतीत मी वर्तमानपत्री समजुतीवर होतो. पण ‘कम्युनिकेटेड’ म्हणजे संपादकांशी पत्रव्यवहार सुरू आहे, हे तरी बरोबर ना?

सुजाता जोग
मी एका विद्यापीठात शिकवते. ‘कम्युनिकेटेड’ म्हणजे नियतकालिकाकडे पाठवला, एवढंच. कालही पाठवलेला असू शकतो. हा आपल्या भारतीय बायोडेटातला शब्द आहे, परदेशात ‘सबमिटेड’ म्हणतात. तेव्हा या अर्जात निबंध तीन मोजा. आणि ‘थीसिस सबमिटेड’ म्हणजे पीएचडी नव्हे. बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल, तोंडी परीक्षा आणि विद्यापीठाची अधिसूचना बाकी आहे. जाहिरातीत पदवी सक्तीची असेल तर तिथेच थांबायला हवं.

मीनाक्षी (निवृत्त)
सुजाताताई, निबंध तीन धरा, हे पटलं. ‘थांबायला हवं’ मात्र पटत नाही. प्रबंध दिलेला उमेदवार आम्ही नेमत असू, पदवी सहा महिन्यांत आणण्याच्या अटीवर. ते प्रमुखांना ठरवू द्या.

खरं वाचायचं आहे ते शीर्षकात. ‘स्टडीज टुवर्ड्स’ म्हणजे त्या संयुगाच्या दिशेनं काम केलं. बहुतेक वेळा याचा अर्थ ते शेवटपर्यंत पोचलं नाही. एचआरचे लोक इथे नाक मुरडतात. तुमच्या जाहिरातीत मात्र रूट स्काउटिंग आहे, म्हणजे एका रेणूकडे जाणारे चार मार्ग कागदावर काढायचे, दोन करून बघायचे आणि का फसले ते सांगायचं. ज्याच्या प्रबंधात तीन मार्ग फसल्याची कारणं नीट लिहिलेली आहेत, तो या कामाला जवळचा.

स्केल-अपचं काय, तर प्रबंधाचं प्रायोगिक प्रकरण मागवा. नाही मिळालं तर छापलेल्या निबंधांबरोबरची ‘सपोर्टिंग इन्फर्मेशन’ बघा, ती बहुतेक नियतकालिकांत फुकट उघडते. त्यात प्रत्येक पायरीला किती ग्रॅम घेतले ते असतं. शेवटच्या पायरीचा आकडा बघून माणूस ठरवू नका, तिथे ५० मिलिग्रॅमच असणार. दहा पायऱ्या, प्रत्येकीचं यील्ड ७० टक्के धरलं तर शेवटी तीन टक्क्यांच्याही आत उरतं. म्हणून सुरुवातीच्या दोन-तीन पायऱ्या मोठ्या कराव्याच लागतात. त्या बघा.

शाल्मली
फाइल उघडली. पहिली पायरी ४२ ग्रॅम. दुसरी ३५ ग्रॅम, तिथे ‘रीक्रिस्टलाइज्ड’ लिहिलंय. तिसऱ्यापासून सगळीकडे ‘सिलिका जेल कॉलम’. चौथ्यात ब्युटिललिथियम, उणे ७८ अंश.

मीनाक्षी (निवृत्त)
वा, कॉमर्सवाल्यांनी बरंच वाचलं! दुसरी पायरी महत्त्वाची आहे. कॉलम म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून माल सोडून शुद्ध करणं. ३५ ग्रॅम माल त्यानं कॉलम न लावता स्फटिक करून शुद्ध केला. प्लांटला हेच लागतं. किलोंवर कॉलम चालवायचा तर सिलिका आणि सॉल्व्हंटचा खर्च मालावर जातो. उणे ७८ हे ड्राय आइस आणि ॲसिटोनचं तापमान, फ्लास्कमध्ये सोपं. प्लांटमध्ये त्यासाठी वेगळा क्रायोजेनिक रिॲक्टर लागतो. मुलाखतीत विचारायचं: ही पायरी उणे २० ला आणायची तर काय बदलशील? ‘लिथियमऐवजी ग्रिन्यार्ड करून बघीन, पण अमुक अशुद्धी वाढेल असं वाटतं’ अशा धर्तीचं उत्तर आलं तर मला तीन निबंधांपेक्षा ते जास्त सांगतं.

टिपणात ‘स्केल-अपचा अनुभव’ म्हणू नका हं. ‘सुरुवातीच्या पायऱ्या ४२ ग्रॅमपर्यंत, किलो लॅब नाही’ असं स्पष्ट लिहा.

अप्पा देशमुख
स्केल-अपला ‘प्रमाणवाढ’ सुचवतो.

रोहन_प
अप्पा, किलो लॅबमध्ये ‘प्रमाणवाढ’ म्हटलं तर ऑपरेटर मीठ जास्त पडलं समजेल.

शाल्मली
आणखी एक अर्ज आहे. नऊ वर्षं एका एपीआय म्हणजे आमच्यासारख्याच बल्क ड्रग कंपनीत, निबंध शून्य, पेटंट शून्य, एमएस्सी. प्राधान्याच्या रकान्यात याला काहीच मिळत नाही आणि पीएचडीही नाही. बाजूला ठेवू?

सुजाता जोग
जाहिरात पीएचडीची आहे, नियमानं बाजूलाच.

मीनाक्षी (निवृत्त)
मी ठेवला नसता. कंपन्या प्रक्रिया छापू देत नाहीत, बरीचशी गुपित म्हणूनच ठेवतात. त्याच्या रेझ्युमेत ‘टेक ट्रान्सफर’, म्हणजे लॅबमधली प्रक्रिया प्लांटकडे सोपवणं, किंवा ‘व्हॅलिडेशन बॅचेस’, म्हणजे प्रक्रिया दर वेळी तशीच चालते हे दाखवणाऱ्या बॅचेस, असे शब्द आहेत का बघा. असतील तर फोन करून रेणूचं नाव न विचारता तीन गोष्टी विचारा: बॅच किती किलोची, तुम्ही कोणत्या पायरीवर होतात, आणि प्लांटमध्ये कुठली अशुद्धी अशी आली जी लॅबमध्ये दिसली नव्हती.

सुजाता जोग
मग पीएचडीची अट जाहिरातीत घातलीच कशाला, हे आधी प्रमुखांना विचारा. उद्या दुसरा एमएस्सीवाला विचारेल, मला का नाही बोलावलं.

शाल्मली
‘टेक ट्रान्सफर’ दोनदा आहे. फोन उद्या करते, अटीचं प्रमुखांना आजच विचारते.