मदत हवी: कानबाईच्या व्हिडिओतला कोपऱ्यातला लोगो ब्लर करू की क्रॉप?

अमळनेरचा_भाचा: श्रावणात कानबाई बसवली होती, चुलतभावाने सगळं शूट मोबाईलच्या फुकट अ‍ॅपात जोडलं आणि मेमरी फुल झाली म्हणून ओरिजिनल क्लिपा उडवून टाकल्या, आता हातात १९२० बाय १०८० ची एकच फाईल आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात त्या अ‍ॅपचा लोगो. लोगो साधारण १९० बाय ७०, वरच्या कडेपासून ९८ पिक्सेलपर्यंत येतो. क्रॉप केलं तर मिरवणुकीत काकूच्या डोक्यावरची कानबाईच वरून कापली जाते, ब्लर केलं तर कोपऱ्यात धुकट डाग. काय करू भो?

केळीवाला_रावेर: क्रॉप कर बिनधास्त. कापल्याने क्वालिटी जात नाही, ब्लरने सगळा व्हिडिओ खराब होतो.

एडिटिंग_धुळे: भाऊ, अर्धं बरोबर. वरून १०० पिक्सेल कापले की उंची उरते ९८०, चौकट तीच ठेवायची तर रुंदी १७४२ वर येते, म्हणजे जवळपास १८ टक्के चित्र गेलं. ते तसंच सेव्ह केलं तर शार्पनेस टिकतो, पण परत १९२० ला ताणलं की दहा टक्के मोठं होतं आणि साडीच्या जरीसारखं बारीक काम आधी मऊ पडतं. ब्लरचा डाग पडतो तो फ्रेमच्या एक टक्क्याहून कमी जागेत, बाकीचं चित्र जागेवर. रीएन्कोड तर दोन्हीकडे होणारच, तो मार सारखाच.

आणि साधा ब्लर नकोच, त्यात लोगोचाच रंग पसरून डाग दिसतो. ffmpeg चा delogo फिल्टर आजूबाजूचे पिक्सेल घेऊन जागा भरतो:

```
ffmpeg -i kanbai.mp4 -vf "delogo=x=1696:y=24:w=198:h=78" -crf 18 -c:a copy out.mp4
```

आधी `h=78` च्या लगेच पुढे `:show=1` लावून बघ, हिरवी चौकट लोगोच्या थोडी बाहेर पडली पाहिजे. लोगोची कड चौकटीबाहेर राहिली तर तोच रंग आत ओढला जातो. चौकट फ्रेमच्या कडेला टेकवू नको, एरर येतो.

चोपडा_ताई: माझ्या लग्नाच्या फोटोंवर तारीख छापलेली आहे, मी सरळ कापून टाकली, कोणाला कळलंपण नाही 😄

एडिटिंग_धुळे: ताई, फोटो एका जागी थांबतो हो. व्हिडिओत कॅमेरा फिरला की कापलेल्या भागात कधी देवीच येते.

अमळनेरचा_भाचा: करून बघितलं दादा. नदीवरच्या विसर्जनात मागे नुसतं आभाळ आहे, तिथे लोगो होता हेच कळत नाही, मस्त. पण मांडवात त्या कोपऱ्यात झालर आणि लायटिंगची माळ, तिथे लुकलुकतं. तेवढाच भाग क्रॉप करू का? तिथे वर झालरच आहे, देवी खाली बसलीय.

एडिटिंग_धुळे: जमेल, पण एकाच फाईलमध्ये जोडायचं म्हणजे तेवढा तुकडा १९२० ला ताणावाच लागेल, आणि कटला चित्र एकदम जवळ आल्यासारखं वाटेल. मी असतो तर लुकलुकणं चालवून घेतलं असतं.

केळीवाला_रावेर: मी तर क्रॉपच केलं असतं, कटला चित्र जवळ आलं ते आजीला काय कळणार 😀

अमळनेरचा_भाचा: आजीलाच तर आधी कळतं! दोन्ही फाईली बनवतो, रविवारी टीव्हीवर लावून बघतो.