अनुभव धागा : साडी-कुर्त्यावर बांगड्या आणि केसांतील साज, गर्दी न होता

अबोली (धागाकर्ती)
गेल्या महिन्यात एका लग्नाला मी बारीक रुपेरी जरीची गडद जांभळी साडी नेसले होते. त्यावर दोन्ही हातांत जांभळ्या आणि सोनेरी मिळून डझनभर बांगड्या, अंबाड्याला मोत्यांची पिन आणि वर गजरा असा थाट होता. एकेक वस्तू सुंदर होती, तरी छायाचित्रांत नजर कुठेच ठरत नव्हती. पुढच्या समारंभाला तीच साडी, हातांत सहा रुपेरी बांगड्या आणि केसांत केवळ गजरा असे केले, तेव्हा साडीची जर प्रथमच उठून दिसली. आपण कोणती वस्तू काढलीत, आणि तीच का काढलीत, ते कृपया सविस्तर लिहावे.

काठपदर
मी बरीच वर्षे साड्या नेसवून देण्याचे काम करते. माझ्या पाहण्यात गर्दी वस्तूंच्या संख्येमुळे क्वचितच होते; बहुतेक वेळा दोन नक्षीदार वस्तू शेजारी येतात म्हणून होते. बांगड्यांच्या शेजारी बाहीचा काठ आणि पदर असतो, तर केसांतल्या वस्तूच्या शेजारी ब्लाउजची पाठ आणि कानांतले असते. म्हणून बांगडी पिनेशी जुळवत बसण्याऐवजी प्रत्येक वस्तू तिच्या शेजाऱ्याशी ताडून पाहावी.

अलीकडचेच उदाहरण देते. एकीची बाटली-हिरवी रेशमी साडी होती, सोनेरी जरीचा रुंद काठ होता, ब्लाउजच्या बाहीलाही तोच काठ होता आणि पाठीवर भरतकाम व गोंडे होते. तिने हिरव्या काचेच्या बांगड्यांमध्ये खड्यांची कडी घातली होती आणि अंबाड्याभोवती खड्यांची माळ गुंडाळली होती. पाठीचे भरतकाम आणि माळ एकमेकींना खात होती, म्हणून माळ काढून अंबाडा काळ्या आकड्यांनी घट्ट बसवला आणि खालच्या बाजूला गजऱ्याचा अर्धा वेढा दिला. पदर मोकळा सोडलेला असल्यामुळे तो डाव्या हातावर येत होता. तिथे खड्यांच्या कड्याने रेशमाचा धागा ओढला जातो, शिवाय कडे झाकलेही जाते. त्यामुळे डाव्या हातात गुळगुळीत काचेच्या बांगड्याच ठेवल्या आणि खड्यांचे एक कडे उजव्या हातात घातले. काठाइतकी चमक आता एकाच जागी उरली.

जरीचा रंग मात्र खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात पाहावा. पिवळ्या दिव्याखाली रुपेरी जरही सोनेरी भासते.

सायली
माझा नियम सोपा आहे : सोनेरी आणि रुपेरी एकत्र कधीही घालू नये. हा नियम पाळल्यापासून मला अडचण आलेली नाही.

काठपदर
एकाच रंगाची जर असलेल्या साडीला आपला नियम चालतो. ज्या साडीत दोन्ही जरी विणलेल्या असतात, तिच्यावर दोन्ही धातू शोभतात. तिथे एकच धातू घातला, तर दुसरी जर उलट परकी वाटते.

रानजाई
मला कुर्त्याबद्दल लिहावेसे वाटते, कारण तिथे बाहीची लांबीच बरेचसे ठरवते. मनगटापर्यंतच्या बाहीखाली बांगड्या घातल्या, तर कापडाला फुगवटा येतो. बाहीवरून घातल्या, तर चुण्या पडतात. अशा कुर्त्यावर मी हात मोकळे ठेवते आणि केसांना एकच ठसठशीत पितळी काटा लावते. पाऊण बाहीच्या छापील कुर्त्यावर मात्र छापातला सर्वांत कमी दिसणारा रंग निवडून त्या रंगाच्या चार बांगड्या घालते. मुख्य रंगाच्या बांगड्या मी घालून पाहिल्या होत्या, पण त्या छापात विरून गेल्या.

बांगड्यांच्या मापाकडेही लक्ष द्यावे. मला २-४ बसतात. एकदा मी २-८ च्या घेतल्या, तेव्हा हात उचलताच सहा बांगड्या कोपराकडे पसरल्या आणि बारा असल्यासारख्या दिसल्या.

एक बाबा
माझ्या मुलीचे केस अतिशय विरळ आणि गुळगुळीत आहेत. नृत्याच्या कार्यक्रमात तिची जड पिन प्रत्येक वेळी घसरते. ती कशी टिकवावी?

रानजाई
हा प्रश्न जुळवणीचा नाही, तरी सांगते. पिन लावायच्या जागी आधी बारीक वेणी घालावी किंवा दोन आकडे एकमेकांवर फुलीसारखे बसवावेत आणि पिन त्यांत अडकवावी. तरीही घसरत असेल, तर ती पिन त्या केसांसाठी जड आहे.

सायली
काठपदर यांचे म्हणणे पटले. परंतु हिरव्या साडीवर हिरव्याच काचेच्या बांगड्या कशासाठी? मला तिथे लाल अधिक आवडल्या असत्या.

काठपदर
त्या साडीच्या काठात लाल रंग मुळीच नव्हता, म्हणून मी टाळल्या. काठात लालची एक रेघ जरी असती, तरी मी लालच निवडल्या असत्या. माझ्या सोबत काम करणाऱ्या ताई मात्र काठात नसलेला रंगही घालायला सांगतात, आणि त्यांनी तयार केलेल्या काही जणींवर तो फार छान दिसलेला मी पाहिला आहे.

अबोली
त्या छान दिसलेल्या साड्या कोणत्या रंगांच्या होत्या, हे आठवत असल्यास अवश्य लिहा.