मदत हवी आहे: चाललं की बाबांची पोटरी आवळते

आम्ही निपाणीचे. बाबा ६४ वर्षांचे, बिडी जुनी. बाजाराकडे निघाले की ठरावीक अंतरावर उजवी पोटरी आवळते. दोन मिनिटं थांबले की मोकळी, पुन्हा तेवढंच चालले की परत तेच. शेजारी वात म्हणतात. डॉक्टरांनी घोट्याचं आणि दंडाचं बीपी घेतलं: ९० आणि १५०, म्हणजे गुणोत्तर ०.६. ०.९ च्या खाली गेलं की पायाची धमनी अरुंद झालेली असते म्हणे. बिडी पूर्ण बंद, आणि दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला, असं सांगितलंय. आई चालूच देत नाही! रात्रीचं दुखणं, बोटावर जखम असलं काही नाही. असं चालून कुणाचं अंतर वाढलंय का? आणि या तंबाखूच्या गावात बिडी सोडवली कशी?