पहिली गुंतवणूक: पाचशेची एसआयपी आत्ताच, की आधी गंगाजळी?

खोली_क्रमांक_सात: बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात खोली घेऊन राहते. घरून महिन्याला ४,००० येतात. शिकवणीचे ५,००० मिळतात, पण ५ ते १२ तारखेच्या मध्ये कधीही, आणि एप्रिल-मे कोरडे जातात. खर्च साधारण ७,५००. पदवीला १८ महिने आहेत. या ऑक्टोबरपासूनच निफ्टी इंडेक्स फंडात दरमहा आपोआप ५०० जाणारी एसआयपी सुरू करू का?

चढता_आलेख: नक्की कर, आणि आजच कर. महिन्याला १,५०० शिल्लक पडतात, त्यातले ५०० म्हणजे काहीच नाही. हप्ता चुकला तरी फंडवाले दंड लावत नाहीत, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. थांबलीस तर कधीच सुरू होणार नाही.

हिशेबवही: फंड दंड लावत नाही हे खरं, पण बँक लावते. खात्यात पैसे नसताना ऑटो-डेबिट परत गेलं की बऱ्याच बँका काहीशे रुपये अधिक जीएसटी कापतात. म्हणजे ५०० च्या हप्त्यासाठी जवळपास एक हप्ताच दंडात जातो. शिवाय मासिक हप्ते सलग तीनदा चुकले की एसआयपी रद्द होते.

आणि शिल्लक १,५०० नाही. ऑक्टोबर ते मार्च सहा महिन्यांचे ९,००० जमतील. एप्रिल-मेमध्ये घरचे ४,००० आणि खर्च ७,५००, म्हणजे दोन महिन्यांची तूट ७,०००. खरी मोकळी रक्कम उरते २,०००, महिन्याला सव्वातीनशेच्या आसपास. ५०० ची एसआयपी लावली तर मार्चअखेर खात्यात ६,००० असतील, एप्रिल संपताना २,०००, आणि मेमध्ये खातं रिकामं. हप्ता नेमका तिथेच परत जाणार.

पोस्टाचं_पासबुक: म्हणूनच पोस्टाची आरडी. १०० रुपयांपासून सुरू होते, पैसे बुडत नाहीत, लागले की काढता येतात.

हिशेबवही: शेवटचं बरोबर नाही. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते. तीन वर्षांच्या आत ती बंद करता येत नाही, आणि नंतर मुदतीआधी मोडली तर बचत खात्याचंच व्याज मिळतं. हिला १८ महिन्यांनी खोलीची अनामत किंवा पुढच्या प्रवेशाचं शुल्क लागू शकतं. बँकेची आरडी सहा महिन्यांपासून घेता येते, ती इथे बसते.

एक_पालक: माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, अकरावीला. त्याच्या नावाने फंडाचं खातं उघडू का?

हिशेबवही: पालक म्हणून तुमच्या सहीने उघडता येईल. पण १८ पूर्ण झाले की त्याची स्वतःची केवायसी होईपर्यंत त्या खात्यातले व्यवहार थांबतात. वर्षभरच राहिलं असेल तर थांबलेलं सोपं.

चढता_आलेख: तुटीचा हिशोब मान्य. पण ७,००० साठवेपर्यंत बाजाराची ओळखच होऊ द्यायची नाही का? आरडीत १८ महिने ५०० भरले तर साडेसहा टक्क्यांनी व्याज ४६० च्या आसपास. त्यातून शिकणार काय?

हिशेबवही: शिकण्याचा मुद्दा मला पटतो. फक्त त्यासाठी ऑटो-डेबिट नको. फंड घराच्या संकेतस्थळावर केवायसी करून, एजंटशिवायच्या डायरेक्ट योजनेत आणि नफा फंडातच ठेवणाऱ्या ग्रोथ पर्यायात एकदाच ५०० ची खरेदी करायची. पुढची खरेदी शिकवणीचे पैसे खात्यात पडल्यावर, स्वतःच्या हाताने. परत जायला हप्ताच नाही. डीमॅटही लागत नाही.

दोन ठिकाणी गाडी अडते. पॅनवर मधलं नाव आहे आणि आधारवर नाही, असं असलं की केवायसी लटकते. आधी दोन्ही कार्डं जुळवून घे. दुसरं, पैसे तुझ्याच खात्यातून जायला हवेत. वडिलांच्या यूपीआयवरून भरलेली खरेदी नाकारली जाते.

जानेवारी २०२० च्या उच्चांकावरून २३ मार्चपर्यंत निफ्टी सुमारे ३८ टक्के पडला होता. तसं पदवीच्या तोंडावर झालं तर ९,००० चे साडेपाच हजार दिसतील. ते पाहून न विकता थांबता येईल एवढीच रक्कम तिथे ठेव. अनामतीचे पैसे तिथे नकोत.

चढता_आलेख: हाताने भरायचं म्हटलं की तिसऱ्या महिन्यात विसरलं जातं. माझं मत अजूनही एसआयपीच, हवं तर १०० ची, तारीख १५, म्हणजे शिकवणीचे पैसे आलेले असतील. बऱ्याच फंडांत एसआयपी काही महिने थांबवायची सोय असते, ती मार्चमध्येच वापरावी.

हिशेबवही: १०० ची, १५ तारखेला, मार्चमध्ये थांबवून: याला माझी हरकत नाही. पण थांबवण्याची विनंती हप्त्याच्या काही दिवस आधी द्यावी लागते, आदल्या दिवशी चालत नाही.

खोली_क्रमांक_सात: मेमध्ये घरी गेले तर खाणावळीचे २,५०० वाचतात, खोलीभाडं मात्र भरावंच लागतं. मग तूट ४,५०० धरू ना?

पोस्टाचं_पासबुक: परीक्षा लांबून मेमध्ये गेली तर? ७,००० च धर.